पानं धरू नका

"सुरुवात तुझ्या लेकीनं केली," असं मावशी माझ्या आईला फोनवर म्हणाली. आईनं मला ते लगेच सांगितलं नाही. चार दिवसांनी मेथी निवडता निवडता, काड्या एकीकडे आणि पानं एकीकडे टाकत, सहज आठवल्यासारखं सांगितलं. वर "तू मनावर घेऊ नकोस" असंही म्हणाली. आई असं म्हणाली की समजावं, तिनं स्वतः ते पुरतं मनावर घेतलेलं आहे.

झालं होतं ते एवढंच. चिपळूणच्या ताईनं, म्हणजे माझ्या मावसबहिणीनं, घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण घरच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमध्ये ८६ माणसं. आजोळची, त्यांच्या सुना-जावयांची, आता नातवंडंसुद्धा. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पत्रिका आली. वर गणपती, दोन्ही कडांना झेंडूचं तोरण, आणि खाली ती नेहमीची ओळ: प्रत्यक्ष येऊन आमंत्रण देता आलं नाही, तरी हेच अगत्याचं आमंत्रण समजून सहकुटुंब सहपरिवार यावं. मी तेव्हा जेवून ओटा पुसत होते. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात फोन. रविवारची तारीख पाहिली, आदल्या दिवशी महिन्याचा पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू, हे लगेच लक्षात आलं. ठाण्याहून चिपळूणला एका रविवारात जाऊन परत येणं मला आता झेपत नाही. मग मी माझ्या मते अतिशय सभ्यपणे लिहिलं: "खूप खूप अभिनंदन ताई! पण शनिवारी बँक चालू आहे आणि आता रिझर्व्हेशनही मिळणार नाही, त्यामुळे जमणार नाही. क्षमस्व." पुढे दोन हात जोडले. फोन ठेवला आणि ओटा पुसून टाकला. काम उरकलं.

त्या आमंत्रणाखालचा तो पहिला मेसेज होता.

दुसरा मेसेज डोंबिवलीच्या मामेभावाचा. "रिझर्व्हेशनचं टेन्शन घेऊ नकोस, आमच्या गाडीत दोन सीट आहेत." तिसरा त्याच्या बायकोचा, की शनिवारी रात्रीच निघू, पहाटे पोचू. चौथ्या मेसेजमध्ये एका काकांनी मांडवी एक्स्प्रेसची वेळ कळवली. आणि मग पुण्याच्या मामेबहिणीनं लिहिलं, "आमचंही कठीण दिसतंय गं ताई, मुलाची परीक्षा आहे." त्यानंतर जणू दार उघडलं. कुणाचे गुडघे, कुणाचं ऑफिस, कुणाचं आधीच ठरलेलं दुसरं कार्य. अकरा वाजेपर्यंत नऊ नकार आले होते आणि 'येतोय' म्हणणारे दोघं. फोनच्या पडद्यावर एका वेळी आठ-दहाच मेसेज मावतात. मावशीनं सकाळी चहा घेताना ग्रुप उघडला असेल, तेव्हा तिला पडदाभर फक्त 'जमणार नाही' दिसलं असणार. आणि मला नंतर कळलं त्याप्रमाणे, ताईनं सासरी आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या माहेरची पन्नास माणसं तरी येतील. तिचा मेसेज त्याच रात्री सव्वाअकराला आला. "काही हरकत नाही, सवडीनं या." पुढे तेच दोन जोडलेले हात. माझे आणि तिचे हात अगदी सारखे दिसत होते.

मी बरेच दिवस स्वतःशी वाद घातला. ते बाकीचे आठ जण तसेही येणार नव्हतेच. मुलाची परीक्षा मी ठरवली नव्हती, काकूंचे गुडघेही मी दुखावले नव्हते. पण मग लक्षात आलं की ते आठ नकार एरवी बारा दिवसांत एकेक करून तिच्यापर्यंत गेले असते. कुणी फोन केला असता, कुणी आईकरवी कळवलं असतं, कुणी आदल्या दिवशी. एकेक नकार तिनं एकटीनं गिळला असता, आणि मधेमधे 'येतो'ही आले असते. मी पहिली बोलले आणि 'नाही' म्हणणं सोपं करून ठेवलं. रांगेतून पहिलं कुणी उठून जात नाही तोवर सगळे बसून असतात, तसं. शिवाय मी उत्तर ताईला दिलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी ते ८६ जणांच्या देखत दिलं होतं. ती एकटीच असती तर तिनं "अगं, असं काय!" म्हणून मला दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाली असती. सगळ्यांसमोर तिला 'काही हरकत नाही' याशिवाय दुसरं बोलण्याची सोयच मी ठेवली नव्हती.

माझी आजी असती तर तिनं कपाळावर हात मारला असता. तिच्या वेळी आमंत्रण घरी चालत यायचं. सत्यनारायण असो की मुंज, घरातलं एखादं पोरगं किंवा गुरुजी वाटीत अक्षता घेऊन दारोदार फिरायचे. उंबऱ्याशी उभं राहून म्हणायचे, "उद्या दुपारी प्रसादाला यायचंय बरं का." गावाकडं तर आवतणाचेही प्रकार होते. घरटी एक असेल तर घरातला एकच माणूस जेवायला जायचा, आणि चूलबंद असेल तर त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जायचं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अक्षता घेऊन आलेल्याला कुणीही 'नाही' म्हणत नसे. हातावर अक्षता घ्यायच्या, 'हो हो' म्हणायचं, पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. जायचं नसलं तरी हेच. त्या उंबऱ्यावरचं 'हो' हे येण्याचं वचन नव्हतं, ते आमंत्रण पोचल्याची पोच होती. नकार नंतर मागच्या दारानं जायचा. सकाळी आजी मला पिटाळायची, "जा, काकूंना सांग, आजीला बरं नाही, पान मांडू नका म्हणावं." मी परसातून शिरून, कार्यघरच्या काकूंच्या पदराला धरून हळूच सांगायची. त्या कढईतून डोकं वर न काढता "बरं बरं" म्हणायच्या आणि दुपारी आमच्याकडे झाकलेलं ताट यायचं, वर केळीच्या पानाचा तुकडा, शिऱ्याचा तुपकट वास. नकार देणाऱ्याच्या घरीसुद्धा प्रसाद पोचायचा, आणि कोण आलं नाही याची चर्चा पंगतीत व्हायची नाही.

परगावच्या लग्नाचं निमंत्रण टपालानं यायचं, पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लावलेली असायची. जाणं नसलं की आजोबा मनिऑर्डर करायचे. त्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चिमुकली जागा असे. पैसे घेणाऱ्याकडे तेवढा तुकडा राहायचा. आजोबा शाईच्या पेनानं त्यात बारीक अक्षरांत लिहायचे: 'येणे होत नाही. सोबत रु. २१ आहेर. उभयतांस अनेक आशीर्वाद.' नकार, आहेर आणि आशीर्वाद, तिन्ही मिळून दोन बोटांच्या जागेत. जागाच इतकी कमी की कारण लिहायला वावच नव्हता! वाचणार कोण, तर ज्याचं कार्य तो, आणि फार तर पोस्टमन. आजोबा ऐसपैस जागा मिळाल्यावर काय लिहीत असत ते मी त्यांच्या इतर पत्रांत पाहिलेलं आहे. चार पानी हवामान, खोकला, पावसाचा अंदाज. त्या चिंचोळ्या जागेनं त्यांची आणि यजमानांची किती अडचण वाचवली असेल कुणास ठाऊक.

आपल्या भाषेला मुळातच 'नाही' जरा जड जातं. घरातले तांदूळ संपले तरी आजी 'संपले' म्हणत नसे, 'वाढले' म्हणायची. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. बांगडी फुटली तर वाढवली. निघताना 'जाते' नाही, 'येते'. मी लहानपणी याला हसायचे. आता वाटतं, नसण्याबद्दल बोलताना जरा पदर सावरून बोलावं एवढंच त्यात होतं. पण याच सवयीचं एक वाईट पोरही आहे, ते म्हणजे 'बघते', 'जमवते', 'प्रयत्न करते'. हे नकार नव्हेत आणि होकारही नव्हेत, आणि कॅटररला असला आकडा सांगता येत नाही. ताईच्या त्या ग्रुपवरही नऊ नकारांखेरीज बारा-तेरा 'बघतो' होतेच. त्यांच्यातले चारच जण पोचले असं कळलं. बाकीच्यांची पानं धरली गेली, पैसे गेले, आणि उरलेल्या बासुंदीचं काय करायचं यावर ताईकडे रात्री अकराला बैठक बसली. तेव्हा गोड बोलून लटकत ठेवण्यापेक्षा माझा रोखठोक नकार बरा, असं मी आईला सुनावलंही. आई म्हणाली, "रोखठोक असू दे की. पण चव्हाट्यावर कशाला?"

माझी खरी गोची कारणानं केली. मी दोन कारणं दिली, दोन्ही खरी होती, आणि दोन्ही सुटण्यासारखी होती. गाडी मिळत नाही म्हटलं की ग्रुपमध्ये गाडी असलेला माणूस असतोच. शनिवार म्हटलं की रात्री निघायची सूचना येते. पोरांना कुणाजवळ ठेवू म्हटलं तर तीन आत्या तयार असतात. ८६ माणसांसमोर ठेवलेलं कारण हे कारण राहत नाही, ते कोडं होतं, आणि प्रत्येक जण प्रेमानं ते सोडवायला बसतो. सोडवून झालं की तुम्ही उघडे पडता, कारण आता 'यायचंच नाही' याशिवाय काही उरलेलं नसतं. मला खरंच जायचं नव्हतं का? अर्धं होतं, अर्धं नव्हतं. सहा दिवस काउंटरवर बसल्यावर मला त्या रविवारी उशिरा उठायचं होतं, हे त्यातलं अर्धं. हे ग्रुपवर लिहिता येत नाही. आणि दिलेलं कारण त्या दिवशी संपत नाही, ते मागे राहतं. वास्तुशांतीच्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या लेकीनं स्टेटसला मिसळीचा फोटो ठेवला, त्यात कडेला माझा हात आणि माझी अंगठी. मावशी स्टेटस बघते. सगळ्यांचे बघते.

पुढचं आमंत्रण आलं ते सांगलीहून, थोरल्या मामेभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, मुलाच्या मुंजीचं. तोच ग्रुप, आणि यावेळीही मला जाणं नव्हतं. मी पत्रिका पाहिली आणि काहीच लिहिलं नाही. पण गप्प बसणं इतकं साधं नसतं. पत्रिका टाकणारा आपल्या मेसेजवर बोट दाबून Info उघडतो तेव्हा कुणी वाचलं त्याची नावानिशी यादी त्याच्यासमोर येते. निळ्या खुणा सेटिंगमध्ये बंद करून ठेवल्या तरी ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. शिवाय आमंत्रणाखाली नुसती शांतता पसरणं हा नकाराइतकाच अपमान आहे, कदाचित जास्त. लग्नघरात वाजंत्री थांबल्यासारखं वाटतं. मग अंगठा द्यावा का? मी देणार होते, पण थांबले. अंगठ्याचा अर्थ मला 'वाचलं, छान' असा वाटतो, दादा तो 'येतो' असा मोजतो. आमच्या ग्रुपवर अंगठ्यांचे आकडे काढून पानं सांगितल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून मी त्या रात्री मुलाबद्दल लिहिलं. "बटू किती उंच झालाय! संध्या पाठ झाली का रे? मला फोनवर म्हणून दाखवायची आहे." त्यात येण्याचा शब्द नाही, न येण्याचाही नाही, आणि खोटंही काही नाही, मला ती खरोखर ऐकायची होती. त्याखाली दोघातिघांनी बटूचे जुने फोटो टाकले, एकात तो चड्डी न घालता आंबा खातोय, मग त्यावर अर्धा तास गंमत चालली. आमंत्रणाखाली जे असायला हवं ते होतं.

दुसरा दिवस मी मुद्दाम जाऊ दिला, तिसऱ्या दिवशी कळवलं. पहिल्याच रात्री नकार दिला की तो धसमुसळा वाटतो, आणि तो पहिला ठरण्याची भीती असते. फार उशीर केला तर आकडे गेलेले असतात. आमच्याकडच्या कार्यालयांत साधारण चार-पाच दिवस आधी पानांचा पक्का आकडा मागतात, आणि तो एकदा दिला की कमी होत नाही. परगावच्या पाहुण्यांसाठी लॉजच्या खोल्या त्याहूनही आधी धरलेल्या असतात. आमच्यासारखे तिघं नाहीत हे पंधरा दिवस आधी कळलं, तर ती खोली दुसऱ्या कुणाला मिळते. पत्रिकेवर बोट दाबून धरलं, वरच्या तीन टिंबांमध्ये Reply privately आहे, ते दाबलं की पत्रिका वरती ठेवूनच खाजगीत लिहिता येतं. पण ते उत्तर दादाकडे जाणार होतं, आणि मी तिथं थांबले. पत्रिका दादानं टाकली हे खरं, पण पानं वहिनी मोजते. आमच्या घरांमध्ये ग्रुपवर आमंत्रण टाकणारा आणि वहीत आकडा लिहिणारा बहुतेक वेळा एक नसतो. दादाला कळवलेलं दादाजवळच राहतं. त्याच्या डोक्यातून ते स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच याची खात्री त्याची आईही देणार नाही.

वहिनीला मी जे लिहिलं ते तीनदा लिहून खोडलं. पहिल्या खेपेला 'यायची खूप इच्छा होती पण' असं सुरू केलं. त्या 'पण'नंतर कारण आलंच पाहिजे, म्हणून ते पुसलं. दुसऱ्यात इतक्या वेळा माफी मागितली होती की वहिनीलाच माझी समजूत काढावी लागली असती. बिचारी मुंजीच्या घाईत, आणि वर माझं सांत्वन! शेवटी गेलं ते असं: "वहिनी, मुंजीला आम्हाला येता येणार नाही. आमची तीन पानं आणि खोली धरू नका. मामांशी आणि दादाशी आज संध्याकाळी मी स्वतः बोलते. बटूची भिक्षावळ आईबरोबर पाठवतेय." वाचून पाहिलं तर आजोबांचीच मनिऑर्डर. फक्त २१ रुपयांत आता भागत नाही.

वहिनीचं लगेच आलं, "का गं? सगळं ठीक ना?" आणि मला जाणवलं की इथं मी खरं सांगू शकते. इथं ते कोडं म्हणून सोडवायला कुणी बसलेलं नव्हतं. मी लिहिलं, खूप दमलेय, आणि हल्ली रात्रीचा बसप्रवास केला की दोन दिवस पाठ धरते. तिनं लिहिलं, "बरं केलंस आत्ता सांगितलंस. लोक आदल्या रात्री सांगतात." मग एक मिनिटानं, "मलाही यायचं नाहीये खरं तर," आणि पुढे हसून लोळणारे चार चेहरे. संध्याकाळी मामांना फोन केला. मामा ७८ वर्षांचे, त्यांना मेसेजवर नकार देणं माझ्यानं होत नाही. ते रागावले. चांगले पाच मिनिटं रागावले, माझ्या मुंजीतल्या पराक्रमांपासून (मी पाच वर्षांची असताना एका मुंजीत मातृभोजनाच्या ताटातला लाडू पळवला होता) सगळं काढलं, आणि शेवटी म्हणाले, "असू दे, पोराला आशीर्वाद दे." हे पाच मिनिटांचं रागावणं त्यांचं हक्काचं होतं. ग्रुपवर मी ते त्यांना करू दिलं नसतं.

एवढी काळजी घेऊनही घोळ व्हायचा तो झालाच. मुंजीच्या आठ दिवस आधी दादानं ग्रुपवर यादी टाकली. तुम्हाला ठाऊक असेल ती पद्धत: एकानं नाव लिहायचं, दुसऱ्यानं ती यादी उचलून खाली आपलं नाव जोडून पुन्हा टाकायची. दादा मात्र एक पाऊल पुढं. त्यानं घराण्याप्रमाणे सगळ्यांची नावं आधीच लिहून पुढे रेघा मारल्या होत्या, आणि रेघेवर आकडा भरायचा होता. माझ्या नावापुढे रिकामी रेघ. हळूहळू इतरांच्या रेघा भरत गेल्या. शून्य लिहिणार कोण? चौकटीत टिचकी मारायच्या पोलचंही असंच होतं, View votes दाबलं की कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं, गुप्त असं त्यात काही नाही. दुपारी तीनच्या सुमारास दादानं थेट माझ्या नावाला टॅग करून विचारलं, "तुमचे किती?" म्हणजे वहिनीनं त्याला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि माझ्याशी फोनवर बोलूनही तो विसरला होता. (दुसरंच. मी नंतर विचारलं.)

आता ८६ जण बघत होते. मी शून्य लिहिलं तर पुन्हा तेच, आणि उत्तर दिलं नाही तर तो पुन्हा विचारणार, आणखी मोठ्यानं. मी लिहिलं, "दादा, वहिनींना आकडा दिलाय, त्यांच्या वहीत आहे." झालं. येणाराही हेच लिहील, न येणाराही हेच लिहील. दादानं अंगठा दिला, यादी पुढं सरकली. रात्री मी त्याला वेगळा फोन केला आणि पहिल्यांदा तो, मग मी, असे आळीपाळीनं एकमेकांना झापलं. मला त्या वाक्याचा थोडा अभिमान वाटतो हे कबूल करते, आणि थोडी लाजही. ते खोटं नव्हतं. पण ज्यांना मी येतेय असं वाटलं, त्यांना तसं वाटू दिलं मी. मिरजेच्या मावसभावानं तर खाजगीत विचारलंच, "मग तुला स्टेशनवर घ्यायला येऊ ना?" त्याला तिथंच, त्याच्यापुरतं, खरं सांगितलं. तो म्हणाला, "आयला, मला वाटलं येतेयस," आणि त्याच्या आवाजात जरा खट्टू झाल्याचं ऐकू आलं. कुणाला तरी ते ऐकावं लागणारच होतं.

मुंजीच्या दिवशी फोटो आले. सकाळी मुंडावळ्या, मग मातृभोजन, मग डोक्याचा गोटा केलेला बटू लंगोटी नेसून सगळ्यांकडे रागानं बघतोय. मी त्या रागाबद्दल लिहिलं. संध्याकाळी आईनं माझी भिक्षा घातली तेव्हाचा फोटो वहिनीनं ग्रुपवर न टाकता मला एकटीला पाठवला. लेकीला मी त्या दिवशी स्टेटस ठेवू नकोस असं काही सांगितलं नाही. कारणच दिलेलं नव्हतं, तेव्हा लपवायचं काय? दुपारी तीनपर्यंत झोपले.

यंदा आईची पंचाहत्तरी आम्ही ठाण्यात करतोय. पत्रिका मीच केली, झेंडूचं तोरण न घालता, पण 'हेच अगत्याचं आमंत्रण समजून' ही ओळ काही केल्या काढता येईना. मंगळवारी रात्री नऊला ग्रुपवर टाकली. आता ग्रुपमध्ये ९१ माणसं आहेत. टाकली आणि फोन उलटा ठेवून ओटा पुसायला घेतला. दोन मिनिटांनी हात पुसून Info उघडलं. सतरा जणांनी वाचलं होतं, खाली अजून कुणाचंच काही नव्हतं. पोटात बारीकसा गोळा येतो तो नेमका कुठं, हे मला तेव्हा समजलं. चिपळूणच्या ताईचं नाव त्या सतरांत होतं. मी ते नाव बघत बसले. ताई तेव्हा रात्री सव्वाअकरापर्यंत असंच बघत बसली असेल का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही, आणि आता इतक्या उशिरा विचारून उपयोगही नाही.

मग खाली पहिला मेसेज आला. ताईचाच. "मावशीला कुठल्या रंगाची साडी घेतलीस? मोरपंखी घे, तिला मोरपंखी फार शोभतो." त्याखाली लगेच कुणी जांभळा सुचवला, कुणी पैठणीच घे म्हणालं, डोंबिवलीच्या मामेभावानं 'आम्ही चौघं नक्की' लिहिलं. गलका सुरू झाला. आणि वरच्या बाजूला, ग्रुपच्या बाहेर, ताईचा वेगळा मेसेज उमटला. "आत्ता बोलू शकतेस का?"

मी वही ओढली आणि फोन वाजायच्या आधी पानांच्या आकड्यातून चार वजा केले.